‘औदुंबर’ इंग्रजीत: प्रकल्प नोंदी

२ जून

काम पक्कं झालं. ऑगस्टमधल्या द्वैभाषिक वाचनासाठी बालकवींची ‘औदुंबर’ इंग्रजीत आणायची. आधी मराठी वाचलं जाईल आणि लगेच, मध्ये काहीही न बोलता, इंग्रजी. म्हणजे भाषांतर डोळ्यांसाठी नाही, कानासाठी हवं. मराठीची लय ऐकणाऱ्यांच्या कानात ताजी असतानाच इंग्रजी ओळ सुरू होणार आहे.

परवानगीचा प्रश्न नाही. त्र्यंबक बापूजी ठोमरे १९१८ मध्ये गेले, आणि लेखकाच्या मृत्यूनंतरची साठ वर्षं कधीच उलटली आहेत. मूळ कविता इथे पूर्ण उतरवून ठेवते, कारण पुढच्या प्रत्येक नोंदीत तिच्याकडे परत यावं लागणार आहे.

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेऊन
निळासांवळा झरा वाहतो बेटाबेटांतुन.
चार घरांचे गांव चिमुकले पैल टेकडीकडे
शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गर्दी पुढे.
पायवाट पांढरी तयांतुनि अडवीतिडवी पडे
हिरव्या कुरणामधुनि चालली काळ्या डोहाकडे.
झांकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर.

जुनं शुद्धलेखन ठेवलं आहे. ‘तयांतुनि’, ‘मधुनि’ यांतला ऱ्हस्व ‘नि’ कुणी आजच्या सवयीने दीर्घ केला की मात्रा वाढते आणि ओळ अडखळते. मराठी वाचणाऱ्यालाही हीच प्रत द्यायची.

५ जून

आज शब्दांना हात लावला नाही, फक्त मोजलं. ऐल तटावर ८, पैल तटावर ८, हिरवाळी घे ८, ऊन ३. दुसऱ्या ओळीतही तेच: निळासांवळा, झरा वाहतो, बेटाबेटां, आणि उरलेलं ‘तुन’, ज्यातला शेवटचा ‘न’ म्हणताना लांबतो. आठही ओळी ८-८-८-३. अष्टमात्रक आवर्तनं, म्हणजे छंदशास्त्राच्या भाषेत पद्मावर्तनी चाल. चौथं आवर्तन तीन मात्रांवर थांबतं आणि उरलेल्या पाच मात्रा शांततेच्या असतात. मोठ्याने म्हणताना ती शांतता आपण आपोआप पाळतो. पुढची ओळ घाईने कुणीच उचलत नाही.

एक जागा मात्र वेगळी निघाली. आवर्तनाचा सांधा शब्दाच्या मध्ये पडला, तरी तो बहुतेक ठिकाणी प्रत्ययाच्या जोडावर पडतो: घे-ऊन, बेटां-तुन, टेकडी-कडे, कुरणा-मधुनि, लाटां-वर. पाचव्या ओळीत तो थेट शब्दाच्या पोटात जातो: ‘पायवाट पां । ढरी तयांतुनि’. वाट अडवीतिडवी होते ती याच ओळीत, आणि लय वाकते तीही याच ओळीत. कवीने हे मोजून केलं की कानाने, हे ठरवायची मला गरज नाही. भाषांतरात पाचवी ओळ इतरांपेक्षा खडबडीत हवी, एवढं यातून ठरलं. असा दुसरा छेद एकदाच येतो, अगदी शेवटी: औदुं-बर.

९ जून

इंग्रजीत मात्रा चालत नाहीत. तिथे आघात मोजायचे. मग ८-८-८-३ चं काय करायचं? आठ मात्रांच्या आवर्तनात चार-चार मात्रांचे दोन ठोके पडतात. दोन, दोन, दोन आणि शेवटच्या तुकड्यात एक, असे सात ठोके होतात आणि आठव्या ठोक्याला गप्प. इंग्रजी लोकगीतांत नेमका हाच साचा जुना आहे: सात आघातांची लांब ओळ आणि आठव्याची विश्रांती. इंग्रजीत तिला फोर्टीनर म्हणतात, कारण तिच्यात साधारण चौदा अक्षरं भरतात. दोन्ही भाषांचं माप ओळीच्या शेवटच्या शांततेसकट जुळतं आहे. हे सापडल्यावर मुक्तछंदाचा विचार सोडून दिला.

धोकाही तिथेच आहे. सात आघातांची ओळ कडक लघु-गुरू, लघु-गुरू अशी बांधली तर चौथ्या ठोक्यानंतर दर वेळी मोडते आणि बडबडगीत होतं. हे ओळखायचं कसं? हाताने ठोके देत वाचायचं. लागोपाठ तीन ओळी चौथ्या ठोक्यावर एकाच तऱ्हेने खाली बसल्या, तर अर्थ कितीही गंभीर असला तरी ऐकणाऱ्याचं डोकं डोलायला लागतं. तेव्हा ठोके सात ठेवायचे, पण दोन ठोक्यांमधली अक्षरं कधी एक, कधी दोन, कधी शून्य.

इंग्रजी मसुदे मी देवनागरीतच लिहिते आहे. इंग्रजी स्पेलिंग समोर असलं की डोळा शब्द ओळखतो आणि पुढे पळतो. देवनागरीत अक्षर न् अक्षर उच्चारावं लागतं, त्यामुळे आघात नेमका कुठे पडतो ते ऐकू येतं.

१४ जून

पहिली जोडी.

‘ऐल’ आणि ‘पैल’ हे सख्खे शब्द आहेत. ‘ऐल’ एकटा फारसा वावरत नाही, तो पैलसोबतच येतो. ‘पैल’ मात्र एकटाही मोठा आहे. पैलतीर म्हटलं की मराठी मनात नदीपलीकडचं आणखी काही हलतं. ‘पैल तो गे काऊ कोकताहे’ ही ज्ञानदेवांची विराणी कानावर पडलेली असते. इंग्रजीत ‘फार्दर शोअर’ म्हटलं तर तिकडच्या भजनांमधला परलोक पहिल्याच ओळीत मोठ्या आवाजात बोलायला लागतो. मूळात तो आवाज नाही, फक्त त्याची शक्यता आहे. ‘बँक’ हा साधा शब्द घेतला. पण ‘पैल’ तिसऱ्या ओळीत पुन्हा येतो, टेकडीला लागून. तो परत येणं मला महत्त्वाचं वाटतं, म्हणून ‘फार्दर’ आणि ‘फार’ असे एकाच मुळाचे शब्द दोन्ही ठिकाणी ठेवते.

‘निळासांवळा’ जास्त अवघड. सावळा हा रंग आहे, सावलीचा नातलग आहे, आणि विठोबाचा वर्णही आहे. इंग्रजीतला ‘डस्की’ नको, तो माणसांच्या कातडीबद्दल फार काळ वाईट तऱ्हेने वापरला गेला आहे. ‘डस्क-डार्क’ कानाला गोड लागतं, पण त्याने संध्याकाळ होते. मूळ कवितेत वेळ सांगितलेली नाही. काळोख येतो तो झाडाचा, दिवस मावळल्याचा नाही. ‘शेड-डार्क’ घेतलं. त्यात सावली राहते, विठोबा राहत नाही. ते नुकसान मान्य.

‘बेटाबेटांतुन’मध्ये दोन अर्थ आहेत. बेट म्हणजे पाण्यातली जमीन, आणि बेट म्हणजे झाडांची दाटी, जसं बांबूचं बेट. छोट्या झऱ्याला दुसरा अर्थ जास्त शोभतो. तरी मी पहिला घेते आहे. झाडोऱ्याची दाटी चौथ्या ओळीत येणारच आहे. इथे पाण्याला फुटून पुन्हा एकत्र यायला जागा हवी.

ऑन धिस बँक, ऑन द फार्दर बँक, टेकिंग इट्स ग्रीन अलाँग,
ब्लू अँड शेड-डार्क रन्स द स्ट्रीम, आयलंड अँड आयलंड अमंग.

दुसऱ्या ओळीच्या शेवटी शब्दक्रम उलटा आहे, ‘अमंग’ मागे गेला आहे. एरवी अशा उलटापालटीला मी हात लावत नाही. इथे ‘बेटाबेटां’ची द्विरुक्ती दोनदा पाऊल टाकल्यासारखी ऐकू येते आणि प्रत्यय शेवटी पडतो, अगदी मूळासारखा. ‘अलाँग’ आणि ‘अमंग’ यांचं अर्धं यमक पुरेसं आहे.

१५ जून

‘चार घरांचे गांव’: चार म्हणजे मोजून चार नव्हे. ‘चार लोक काय म्हणतील’मधले चार तेच हे. अर्थाने जायचं तर ‘अ फ्यू हाउसेस’, पण त्यात काहीच दिसत नाही. ‘फोर’ ठेवते. इंग्रजी वाचक मोजून चार घरं पाहील आणि ते चित्र चालतं.

२१ जून

तिसरी ते सहावी ओळ एकत्र घ्यावी लागली, कारण त्यांचं यमक एकत्र आहे: कडे, पुढे, पडे, कडे. चार ओळी एकाच घरातल्या आवाजावर थांबतात. पहिल्या आणि शेवटच्या जोडीला ‘न’ आणि ‘र’ आहे, मधला सगळा प्रवास ड-ढ वर. इंग्रजीत चार ओळींना एकच पूर्ण यमक दिलं तर ते ओढून आणलेलं वाटतं. त्याऐवजी चारही ओळी ‘ल’ या व्यंजनावर संपवता येतात का ते पाहिलं: हिल, टॉल, फॉल्स, पूल. स्वर बदलतो, ‘ल’ राहतो. कानाला चौघं एका घरातली वाटतात, पण टाळी वाजत नाही.

चौथ्या ओळीसाठी एक फार सोपा शेवट समोर आला होता: ‘थिक अँड थिकर स्टिल’. ‘हिल’शी पूर्ण यमक, सात ठोके चोख. काढून टाकला. तिथे ‘स्टिल’चा अर्थ ‘आणखी’ असला तरी ऐकणारा त्यातून ‘स्तब्ध’ही ऐकतो, आणि या कवितेत चौथ्या ओळीत स्तब्धता येता कामा नये. क्रियापदं बघा: झरा वाहतो, गर्दी लागली, वाट पडे, वाट चालली, काळिमा पसरी. सगळं पुढे सरकतं आहे. थांबणारं क्रियापद एकच, शेवटच्या ओळीतलं ‘बसला’. ते येईपर्यंत स्तब्धतेचा एकही शब्द खर्च करायचा नाही. हा नियम आता वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे.

अ व्हिलेज, फोर स्मॉल हाउसेस, ऑन द फार साइड, बाय द हिल,
अँड इन फ्रंट द फील्ड्स अँड प्लॉट्स, अ ग्रीन क्राउड, थिक अँड टॉल.

‘टॉल’ माझी भर आहे. पिकाच्या दाटीत उंची गृहीत असते, म्हणून ठेवली. ‘मळा’ म्हणजे विहिरीच्या पाण्यावरची बागायत. तिच्यासाठी ‘प्लॉट्स’ हा शब्द अपुरा आहे. दुसरा सापडला तर बदलेन.

२३ जून

पायवाट. ‘पाथ’ की ‘फुटपाथ’?

आपल्याकडे फुटपाथ म्हटलं की रस्त्याकडेची फरशी डोळ्यांसमोर येते, आणि वाचनाला येणारे बरेच जण पुण्या-मुंबईचे असतील. तरीही ‘फुटपाथ’ हवाच. कवितेत एकही माणूस नाही, हे लक्षात घ्यायला हवं. गाव आहे, शेतं आहेत, वाट आहे, पण चालणारं कुणी दिसत नाही. चालते ती वाटच. आणि पाय दोनदा येतो: पाचव्या ओळीत ‘पायवाट’, आठव्या ओळीत ‘पाय टाकुनी’. माणसांचे पाय वाटेच्या नावात उरले आहेत, आणि प्रत्यक्ष पाय आहेत ते झाडाला. नुसतं ‘पाथ’ लिहिलं की हा धागा तुटतो. ‘फुटपाथ’ आणि ‘फीट’ असले की तो इंग्रजीतही राहतो. ‘व्हाइट’ हे विशेषण आणि अलीकडची-पलीकडची शेतं फरशीचं चित्र पुसायला पुरेशी आहेत.

थ्रू दीज, क्रुकेड, धिस वे, दॅट, व्हाइट, अ फुटपाथ फॉल्स,
अँड वॉक्स ऑन थ्रू द ग्रीन ऑफ पाश्चर टु द डीप ब्लॅक पूल.

पाचवी ओळ स्वल्पविरामांनी तोडली आहे. ‘दॅट’ आणि ‘व्हाइट’ हे दोन ठोके एकमेकांना खेटून पडतात, मध्ये अक्षरच नाही, आणि जीभ अडते. ‘पां-ढरी’ची जागा मी इथे भरून काढली. लगेच सहावी ओळ सगळ्यात गुळगुळीत ठेवली, कारण मूळात वाट कुरणात शिरल्यावर सरळ चालू लागते.

‘डोह’साठी नुसतं ‘पूल’ उथळ वाटत होतं, म्हणून ‘डीप’ जोडला. डोहाला वाहत्या पाण्यातली खोल, संथ जागा हा अर्थ आहेच, शिवाय मराठी माणसाला कालियाचा डोह आठवतो, इंद्रायणीचा डोह आठवतो. त्या आठवणी ‘पूल’मध्ये येत नाहीत. ‘टार्न’ सुचवला गेला, पण तो ब्रिटनच्या डोंगरातला तलाव. खानदेशच्या झऱ्यावर तो बसवायचा नाही.

३० जून

वहिनींना सहा ओळी फोनवर म्हणून दाखवल्या. त्या बर्मिंगहॅममध्ये वाढल्या, मराठी कळतं पण वाचता येत नाही, आणि इंग्रजी कविता त्या कानाने वाचतात. मी आधी मराठी म्हटलं, मग इंग्रजी.

“शेवटचा गॅप दोन्हीकडे सेम आहे,” त्या म्हणाल्या. मी त्यांना मात्रांबद्दल काही सांगितलं नव्हतं. मग म्हणाल्या, “पण चौथी ओळ जरा भरभर गेली. तुम्ही घाई केलीत की ओळच तशी आहे?”

ओळ तशी आहे. ‘ग्रीन क्राउड’ हे दोन जड ठोके जवळजवळ आहेत, तिथे वाचणाऱ्याने थांबायला हवं. ओळ बदलत नाही, वाचनाच्या प्रतीवर खूण करते.

६ जुलै

सातवी ओळ. सगळ्यात जास्त वेळ हिलाच लागतो आहे, आणि लागू दे.

‘काळिमा’ हा मराठीत बदनामीचा शब्द आहे. तोंडाला काळिमा फासतात, घराण्याला काळिमा लागतो. बालकवींनी त्याच्या आधी ‘गोड’ ठेवला आणि त्या शब्दाला त्याच्या मूळ रंगाकडे परत नेलं. ऐकणाऱ्याला मात्र डाग आणि गोडवा दोन्ही एकाच वेळी जाणवतात. इंग्रजीत ‘स्वीट स्टेन’ म्हटलं तर डागाचा अर्थ राहतो, आणि ‘स्टेन’ पसरतोही. पण पाण्यावर ‘स्टेन’ म्हटलं की तेल किंवा सांडपाणी दिसतं, डोह घाण होतो. ‘स्वीट डार्क’ फार लाडिक. ‘स्वीट ब्लॅकनेस’मध्ये बदनामी नाही, पण गोडव्यापुढे काळेपणा अनपेक्षित येतो आणि कान दचकतो. तो दचका मला हवा आहे.

‘झांकळुनी’: आभाळ झाकळतं, डोळे झाकळतात. इंग्रजीत ‘क्लाउडिंग द वॉटर’ हे शब्दशः जवळचं वाटतं, पण त्याचा अर्थ पाणी गढूळ करणं असा होतो. मूळात पाणी निवळ आहे, फक्त अंधारलं आहे. म्हणून ‘डिमिंग’.

आता कर्ता. जळ झाकळून गोड काळिमा कोण पसरतं? ‘पसरी’चा कर्ता सातव्या ओळीत सापडत नाही. काळिमा स्वतःच पसरतो असं वाचून आपण पुढे जातो आणि आठव्या ओळीच्या शेवटच्या शब्दावर कळतं की हे सगळं करणारा औदुंबर आहे. इंग्रजी वाक्याला कर्ता आधी लागतो. पण ‘द औदुंबर स्प्रेड्स’ अशी सुरुवात केली तर झाड एक ओळ आधी दिसेल आणि कविता तिथेच संपेल. मूळातलंच पहिलं वाचन मी इंग्रजीत पक्कं केलं: काळेपणा आपोआप पसरतो, आणि मग झाड दिसतं. व्याकरण मूळापेक्षा सैल झालं, दिसण्याचा क्रम तोच राहिला.

डिमिंग द वॉटर, अ स्वीट ब्लॅकनेस स्प्रेड्स व्हेअर रिपल्स आर,
फीट लेट डाउन इंटू द वॉटर, सिट्स सच अ‍ॅन औदुंबर.

११ जुलै

झाडाचं नाव.

‘क्लस्टर फिग’ हे त्याचं इंग्रजी नाव, खोडाला घोसांनी लागणाऱ्या फळांवरून. वनस्पतिशास्त्रात बरोबर, कवितेत निरुपयोगी. नुसतं ‘फिग’ म्हटलं तर इंग्रजी वाचकाला बायबल आठवतं: आदम-हव्वेने अंगाभोवती गुंडाळलेली पानं, येशूने शाप दिलेलं निष्फळ झाड. आपल्याला त्या दोन्हींशी देणंघेणं नाही.

मराठीतही दोन शब्द आहेत. ‘उंबर’ हे अंगणातलं, ओढ्याकाठचं झाड. ‘औदुंबर’ म्हटलं की त्याच्या मुळाशी दत्त येतात. नरसोबाची वाडी, आणि सांगलीकडचं कृष्णाकाठचं औदुंबर हे गावच. दोन्हीकडे नदी, दोन्हीकडे पादुका. बालकवींनी ‘उंबर’ लिहिलं नाही. कवितेत दत्त कुठेच नाहीत, आणि मी ते घुसवणार नाही. पण पाण्यात पाय सोडून बसलेल्या झाडाला कवीने पवित्र नाव दिलं आहे आणि ते नाव जसंच्या तसं जायला हवं. शिवाय आवाज आहेच: मधला ‘दुं’ डोहात दगड पडावा तसा खोल जातो, आणि इंग्रजी ओळीचा सातवा ठोका नेमका त्याच अक्षरावर पडतो. ‘आर’ आणि ‘बर’ यांचं यमक हलकं आहे, शेवटचं अक्षर आघाताशिवाय विरतं. मूळात ‘लाटांवर’ आणि ‘औदुंबर’ तसेच विरतात.

तळटीप देता येणार नाही, कारण ऐकणाऱ्यासमोर पान नसतं. मराठी वाचनाच्या आधी निवेदकाने एकच वाक्य बोलायचं: औदुंबर हे पाण्याकाठी वाढणारं उंबराचं झाड, महाराष्ट्रात दत्तात्रेयांचं निवासस्थान मानलेलं. यापुढे एक शब्दही नाही.

१२ जुलै

‘असला’वरून सरांशी बराच वेळ बोलणं झालं. ते शाळेत ही कविता वर्षानुवर्षं शिकवत आले आहेत.

“बसला असला एकत्र घे. बसलेला आहे, एवढंच,” ते म्हणाले.

“मग ‘असा औदुंबर’ हा अर्थ, सर?”

“तोही आहे. पण मुलांना मी एकच सांगत नाही, दोन्ही सांगतो.”

मला इंग्रजीत दोन्ही सांगता येत नाहीत. नुसतं ‘सिट्स अ‍ॅन औदुंबर’ केलं तर एक ठोका कमी पडतो आणि वाक्य माहिती देऊन थांबतं. ‘सच’मध्ये बोट दाखवणं आहे: इतका वेळ जे सांगत आलो, ते सगळं ज्याच्यापाशी येऊन थांबतं, असा. ‘सच’ ठेवला. सरांना ओळ वाचून दाखवली, तेव्हा ते म्हणाले, “इंग्रजीत झाड आणखी म्हातारं वाटतंय.” मला ते खटकत नाही.

१९ जुलै

वहिनींनी पूर्ण मसुदा मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रण पाठवलं. दोन गोष्टी ऐकू आल्या. ‘आयलंड अँड आयलंड’मध्ये त्यांनी दोन्ही शब्दांवर सारखा भार दिला, ते छान आहे, तसंच ठेवायचं. ‘औदुंबर’ मात्र त्यांनी पहिल्या अक्षरावर जोर देऊन म्हटलं, ‘ऑ’ असं. मग सातवा ठोका आधीच पडतो, ‘सच’ त्याला चिकटतो आणि शेवट लंगडा होतो. इंग्रजी कुणीही वाचलं तरी हे होणार, कारण अनोळखी नावाच्या सुरुवातीला जोर देण्याकडे तिथला कल असतो.

वाचनाच्या प्रतीत ‘दुं’खाली जाड रेघ मारली आहे. निवेदनातल्या त्या एका वाक्याची सुरुवातही याच नावाने होते, म्हणजे ऐकणाऱ्यांना आणि वाचणाऱ्यालाही बरोबर उच्चार आधीच मिळेल. ‘प्लॉट्स’ला पर्याय अजून मिळालेला नाही, तो शब्द तूर्त पेन्सिलीत आहे. वाचणारी व्यक्ती ठरली की तिच्यासोबत प्रत्येक ओळीनंतरचा आठवा, मुका ठोका पक्का करायचा. मराठीच्या पाच मात्रांएवढाच तो लांबला पाहिजे.